(इथे टाळ्या)

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचा हंगाम तोंडावर आला की नाशिककडच्या लॉन्सवर नव्या फवारणी ब्लोअरचे अनावरण सोहळे सुरू होतात. निवेदकाच्या हातातली संहिता बहुधा एकाच साच्यातली असते. दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं आणि दर परिच्छेदाशेवटी कंसात ‘टाळ्या’. पाहुण्यांच्या पदव्यांना दीड पान आणि ज्या यंत्रासाठी निफाड-दिंडोरीहून माणसं आली, त्याला एक ओळ: ‘यंत्र सुरू होते. (टाळ्या)’

ब्लोअर सुरू झाल्यावर टाळ्याच काय, निवेदकही ऐकू येत नाही. पंखा पूर्ण वेगात फिरत असताना ‘क्रांतिकारी तंत्रज्ञान’ म्हणून ओरडणाऱ्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. म्हणून सांगायचं ते आधी सांगावं आणि चालकाशी हाताची खूण ठरवावी. संहितेत ही जागा अशी हवी:

‘मंडळी, वारा डावीकडून आहे, सगळे डावीकडेच थांबा. टाकीत साधं पाणी आहे. वेलीच्या आत पिवळे कागद लावलेत, काही पानाच्या वर, काही खाली. पाण्याचा थेंब पडेल तिथे कागद निळा होईल. (चालकाला हात वर. माइक बंद. ब्लोअर एक फेरी मारतो. पंखा थांबेपर्यंत गप्प.)’

हे ‘गप्प’ निवेदकाला फार जड जातं.

पण खरा कार्यक्रम पुढेच आहे. कागद सुकू द्यायचे, कोरड्या हाताने काढायचे आणि शेतकऱ्यांनाच दाखवायचे. घामेजल्या बोटांनी धरले तर ते आपसूक निळे होतात आणि न झालेली फवारणी झालेली दिसते. (काही विक्रेत्यांना ही अडचण वाटत नसावी.) अख्खा कागद निळाशार झाला म्हणून निवेदकाने हुरळू नये. पाणी जास्त झालं, पानावरून ओघळून गेलं, एवढाच त्याचा अर्थ. बारीक, सुटे, सगळीकडे सारखे ठिपके हवेत. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला वाढते, तेव्हा खालचा कागद पिवळाच राहिला, तर वरचा कितीही सुंदर दिसो, उपयोग नाही. अशा वेळी संहितेत पर्यायी वाक्य तयार असावं: ‘नोझलचा कोन बदलून पुन्हा फेरी मारतो.’ ते नसलं की निवेदक शेर म्हणतो.

आभार जेवणाआधी, दोन मिनिटांत. चालक आणि बाग देणारा शेतकरी यांची नावं पहिली घ्यावीत. एरवी त्यांचा नंबर ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये लागतो.

आणि एक पान कोरं सोडावं, प्रश्नांसाठी. पहिला प्रश्न कुठला येणार, हे मंडपवाल्यालाही पाठ आहे: ‘अनुदानात बसतंय का?’ कंपनीचे साहेब व्यवस्थापकाकडे बघतात, व्यवस्थापक निवेदकाकडे, निवेदक संहितेकडे. तिथे लिहिलेलं असतं: (टाळ्या).