तारखेची आदली रात्र

सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे 200 किलोमीटर. सकाळच्या तारखेसाठी पक्षकाराला आदल्या रात्रीच यावे लागते. सार्वजनिक बांधकाम विभागाचे विश्रामगृह स्वस्त असते, पण साहेबांचा दौरा लागला की सामान्याची खोली हमखास ‘फुल्ल’ होते. उरतो स्टँडजवळचा लॉज. तिथे भाव विचारण्याआधी ‘चोवीस तास की दुपारी बारा?’ हे विचारावे. बाराचा नियम असेल तर रात्री दहाला आलेल्याचा पूर्ण भाड्याचा दिवस चौदा तासांतच मावळतो. पुकारा बहुधा त्यानंतर होतो. म्हणून बॅग काउंटरवर ठेवू देणार का, हेही रात्रीच ठरवावे. पैसे देण्यापूर्वी आतली कडी लावून पाहावी. कडी नसली तरी आधारकार्डाची झेरॉक्स मात्र, सुरक्षेच्या कारणास्तव, मागितली जातेच.