साडेसातशे फ्रेम

लघुपट पुरा झाला की दिग्दर्शकाला वाटतं, आता ट्रेलर म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. अठरा मिनिटं तयार आहेत, त्यातली चांगली चांगली तीस सेकंदं उचलायची! परवा आमच्या तरुण दिग्दर्शकाने मला चांगल्या जागांची यादी आणून दिली. बेरीज केली तर ती अकरा मिनिटांची भरली.

गोष्ट एका निवृत्त एसटी कंडक्टरची. पंचवीस फ्रेमच्या हिशेबाने तीस सेकंदांत साडेसातशे फ्रेम मिळतात. नाव वाचायला शेवटची तीन सेकंदं सोडायची, म्हणजे पंचाहत्तर तिथेच गेल्या. नाव किती वेळ ठेवायचं याचा ठोकताळा असा, की सावकाश दोनदा वाचून व्हायला हवं. आपण मनात झरझर वाचतो, कारण नाव आपल्याला आधीच पाठ असतं.

मी पहिल्यांदा सिनेमा डोळे मिटून ऐकतो. (दिग्दर्शकाला वाटतं, दादांना झोप लागली.) मला हवा असतो एक प्रश्न. तो सापडला सहाव्या मिनिटाला. सून विचारते, "बाबा, रिटायर झालात ना? गॅस संपत आलाय, सांगितलं होतं मी. मग रोज पहाटे डबा कुणासाठी?" उत्तर चौदाव्या मिनिटाला आहे. ते ट्रेलरमध्ये नाही, आणि इथेही सांगणार नाही. उत्तर दाखवलं की लोक सिनेमा बघितल्याच्या समाधानात पुढे सरकतात.

आता गॅसचं काय करायचं? सूनबाईंचा चेहरा समोर असताना मधलं वाक्य कापलं तर ओठ चुगली करतात. म्हणून तिचा आवाज डब्याची कडी लावणाऱ्या म्हाताऱ्या हातांवर टाकला आणि "कुणासाठी?" या शब्दाला तिचा चेहरा आणला. गॅस कुठे गेला ते कुणालाही कळत नाही.

पण यासाठी संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत मिळायला हवेत. नाही तर दिग्दर्शक यूट्यूबवर चढवायची तयार फाइलच पाठवतो. त्यात सुनेच्या बोलण्याखाली बासरी वाजत असते. वाक्य कापलं की बासरीलाही उचकी लागते. ही उचकी डोळे उघडे असताना सुटून जाते, मिटले की लगेच पकडता येते. पट्ट्या वेगळ्या मिळाल्या तरी स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर संवादातच मुरलेली असते. ती कटाला तुटू नये म्हणून दोन्ही तुकड्यांची टोकं काही फ्रेम एकमेकांत विरघळवावी लागतात.

बासरी मी काढूनच टाकली. आवाजांच्या पट्टीत तिकिटाच्या जुन्या पंचची टिकटिक होती, तिचाच ताल धरला. मात्र दर टिकेला कट दिला की माणसाऐवजी शिवणयंत्राचा ट्रेलर वाटायला लागतो, म्हणून कधी दोन टिका सोडल्या, कधी पाच.

खरं भांडण झालं ते घाटाच्या शॉटवरून. "दादा, ड्रोनला पैसे मोजलेत!" मान्य. पण लांबच्या शॉटमध्ये नेमकं काय बघायचं ते डोळ्याला शोधावं लागतं आणि त्यातच दीड सेकंद जातं. फोनवर तर ती एसटी तांबडी मुंगी दिसते. उभ्या फोनसाठी आवृत्ती काढली की घाटाच्या दोन्ही बाजू कापल्या जातात आणि मुंगीही उरत नाही. पंच धरलेला अंगठा मात्र एका सेकंदात पोचतो. ड्रोन गेला. दिग्दर्शक दोन तास माझ्याशी बोलला नाही. त्या शांततेत बरंच काम झालं.

चेहऱ्यांचं निराळं असतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडला आणि बघणाऱ्यांना कधी भूक दिसली, कधी शोक, असं सांगतात. आमचे कंडक्टर आजोबा सिनेमात चहाची वाट बघत बसलेत. त्यापुढे स्टँडवरून सुटणारी गाडी जोडली की तोच चेहरा पोटात कालवतो. दिग्दर्शकाला हे इतकं आवडलं, की त्याने चेहऱ्याखाली ढोलाचा घुमार टाकून पाहिला. त्याबरोबर आजोबा डब्यात सुरा घेऊन निघालेत असं वाटायला लागलं. ढोल काढला. खुनाच्या आशेने आलेला प्रेक्षक कंडक्टरवर चिडतो, आणि त्यात कंडक्टरचा काही दोष नसतो.

शेवट असा लागला: "कुणासाठी?" नंतर अर्धं सेकंद पूर्ण शांतता, मग डबल बेल, आणि दुसऱ्या ठोक्याला सिनेमाचं नाव. बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात, त्यांच्यासाठी सुनेचं वाक्य अक्षरांतही दिलं.

निर्माते म्हणजे दिग्दर्शकाचे सख्खे मामा. त्यांनी ट्रेलर शांतपणे पाहिला आणि विचारलं, "माझं नाव किती वेळ आहे?"

सव्वा सेकंद, असं म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, "मामा, चांगल्या बत्तीस फ्रेम."

"बत्तीस?" मामा खुश होऊन भाच्याकडे वळले. "अरे, मग ड्रोनला थोड्या द्यायच्या होत्या!"