बिनकान्याचा गोषवारा

आमच्या घराण्यात लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासायला माझ्याकडे येतात. तेवढ्या भांडवलावर भाचीच्या पीएच.डी.चा गोषवारा तपासायचं मी छातीठोकपणे कबूल केलं. विषय होता कांदाचाळीतली सड. मर्यादा तीनशे शब्दांची, आणि क्रम ठरलेला: पार्श्वभूमी, पद्धत, निकाल, निष्कर्ष.

मी चार रंगांच्या पेन्सिली काढल्या. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा. काम सुरू करण्याआधीच हे ठाऊक होतं? मग ती पार्श्वभूमी, पिवळी. तू काय केलंस ते सांगतं? पद्धत, निळी. काय दिसलं? निकाल, हिरवा. जे दिसलं त्याचा अर्थ काय? निष्कर्ष, लाल. युक्ती खरोखर चांगली आहे. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही.

रंगवून झाल्यावर अर्धं पान पिवळंधमक दिसायला लागलं. भारत कृषिप्रधान देश, महाराष्ट्र कांद्यात अग्रेसर, लासलगावची बाजारपेठ प्रसिद्ध. हे सगळं परीक्षकाला जन्मापासून माहीत. मधेच एक हिरवं वाक्य घुसलेलं: "खालून हवा खेळती ठेवल्यास सड लक्षणीय प्रमाणात घटते." चाळी किती, कुठल्या, कांदा किती महिने ठेवला, हे सांगणारी निळी वाक्यं त्याच्याही खाली.

"लक्षणीय म्हणजे किती गं?"

"मामा, आकडा चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात आहे."

"परीक्षक तिथवर जाईपर्यंत त्याची सड होईल."

शेवटी लाल वाक्य: शासनाने चाळींचं अनुदान वाढवावं. प्रबंधात अनुदानाचा अभ्यास कुठेच नव्हता. लाल वाक्याला वर आधाराचं हिरवं वाक्य सापडलं नाही, तर ते कितीही सद्भावनेचं असो, जातं. ते गेलं. लासलगावही गेलं. खालून हवा खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या चाळींतल्या सडीची टक्केवारी आली, निळं हिरव्याच्या वर सरकलं. वर्डमध्ये मोजलं तर दोनशे शहाण्णव! मी मिशीवरून हात फिरवला.

मग तिने तो मजकूर विद्यापीठाच्या ऑनलाइन अर्जातल्या चौकटीत चिकटवला. खाली लाल अक्षरं उमटली: शब्द आठशेच्या वर, मर्यादा 300.

"छुपी मोकळी जागा असणार," मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो आणि काटछाटीला लागलो. आधी 'व' आणि 'तसेच' गेले. मग मी शब्द जोडायला घेतले, 'कांदा चाळीतील'चं 'कांदाचाळीतील' केलं. वर्डमधला आकडा एकाने उतरला, चौकटीतला ढिम्म. अर्धं वाक्य उडवलं तेव्हा कुठे तो पुन्हा थोडा हलला.

शेवटी भाचीने चौकट रिकामी करून एकच शब्द टाकला: कांदा. चौकट म्हणाली, दोन. 'सड' टाकला, एक. 'कांदाचाळीतील' टाकला, सहा! तेव्हा कुठे उलगडा झाला. या यंत्राला काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरंच वाटत नव्हती. जिथे मात्रा दिसेल तिथे त्याच्या मते शब्द तुटायचा. 'कांदाचाळीतील'मध्ये त्याला क, द, च, ळ, त, ल असे सहा शब्द दिसत होते. वर्ड फक्त मोकळ्या जागा बघतं, म्हणून तिथे सगळं आलबेल.

इथे शहाण्या माणसाने विद्यापीठाला फोन केला असता. मी म्हटलं, मग काना-मात्रा नसलेलंच लिहू! पहिलीच्या पुस्तकात असतं की. सड, घट, बदल, फरक, वजन. सगळे एकेका शब्दाचे. जेवणाची वेळ टळेपर्यंत मी कामाला जुंपलो. 'निरीक्षण'चं झालं 'नजर', 'आढळला'चं 'कळत'. निकालाचं वाक्य असं उतरलं: "सड कमत. वजन घट जरब." त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण चौकटीने त्याचे पाचच शब्द मोजले होते आणि मला कोण अभिमान वाटला!

भाचीने काही न बोलता ते मार्गदर्शक सरांना पाठवलं. पाचेक मिनिटांत फोन आला. सर शांत होते. "हे कुणी लिहिलं?"

"मामांनी."

"बरं. चौकटीत इंग्रजी गोषवारा टाकायचा असतो. मराठी पीडीएफमध्ये जोडायचा. सूचनापत्राच्या पहिल्या पानावर आहे."

सूचनापत्र माझ्या पेन्सिलींखाली होतं.

मी ताबडतोब इंग्रजी करायला बसलो. मराठीत 'चाळीतल्या' हा एक शब्द. इंग्रजीत त्याच्याआधी 'इन' आणि 'द' वेगळे उभे राहतात, आणि प्रत्येकाची मोजणी होते. दोनशे शहाण्णवाचे बघता बघता तीनशे ऐंशी झाले. मी पुन्हा पिवळी पेन्सिल उचलली.

"मामा," भाची म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. आई ताट वाढून बसलीय."