एकतीस दिवस, एकतीस फुलं

आमच्या पुतण्याने नेऱ्यात हिशेब आणि जीएसटीचं ऑफिस थाटलं. तो सीए नाही, हे बरंच झालं. असता तर १९४९ च्या कायद्याने त्याला गिऱ्हाईक मागायलाच बंदी होती. ही मोकळीक मिळताच त्याने ऑगस्टचं कन्टेन्ट कॅलेंडर आखलं. मैत्री दिनाला दोन हात, नारळी पौर्णिमेला नारळ, पंधरा ऑगस्टला तिरंगा आणि खाली ‘करचिंतेपासून स्वातंत्र्य!’ उरलेल्या दिवशी गुलाबाखाली शुभ सकाळ. एकतीस दिवसांची एकतीस चित्रं, आणि फोन एकच आला: ‘फुलं कुठल्या ॲपमध्ये मिळतात?’

नेऱ्यातल्या ग्रिलवाल्याला मात्र सकाळ शुभ जात नव्हती. पनवेलच्या बिल्डरला त्याने जुलैत लाखाचं काम करून दिलं, बिलात १८ हजार जीएसटी लावला. बिल्डरने लाख दिले आणि १८ हजार अडकवले. म्हणे, ‘तुझं बिल माझ्या टू-बीत दिसत नाही.’ कारण साधं. ग्रिलवाला तिमाही विवरण भरणारा. त्याने १३ ऑगस्टपर्यंत आयएफएफमध्ये बिल चढवलं असतं, तर १४ तारखेच्या टू-बीत बिल्डरला दिसलं असतं. ही सोय ऐच्छिक आहे, त्यामुळे न भरल्याचा दंड नाही, आणि म्हणूनच कुणी आठवणही करत नाही. पुढच्या महिन्यातही राहिलं, तर ते बिल थेट ऑक्टोबरच्या मध्यावर उगवतं. तोवर बिल्डर १८ हजारांवर शांत झोपतो.

मी पुतण्याला म्हटलं, ‘अरे, ही तुझी पोस्ट!’ मग सप्टेंबरचं कॅलेंडर उलटं लिहिलं, शेवटच्या तारखेकडून मागे. पाच तारखेला: ‘बिल्डरने जीएसटी रोखलाय? जुलै-ऑगस्टची बिलं काढून ठेवा.’ दहाला: ‘फोटो पाठवताना समोरच्याचा जीएसटी नंबर दिसू द्या.’ (एक अंक चुकला की बिल चढतच नाही.) चौदाला: ‘बिल्डरला फोन करा, टू-बी बघायला सांगा.’ एकवीसला: ऑगस्टचा कर पंचवीसच्या आत भरायची आठवण. एवढंच. तेरा तारखेला मुद्दाम काहीच नाही, कारण त्या दिवशी ऑफिसात पोस्ट करायला हात मोकळा नसतो.

तो नाराज झाला. ‘काका, लाईक येणार नाहीत.’ नाहीच आले. आपला जीएसटी अडकलाय हे गावासमोर अंगठा दाखवून कोण कबूल करेल? म्हणून मी त्याला वहीत दोनच रकाने आखायला लावले: दहा तारखेपर्यंत किती जणांची बिलं आली, आणि ‘आमचंही अडकलंय’ म्हणत किती जण जिना चढले. सणांची चित्रं उडवली, त्या वेळात तो बिलं चढवतो.

एक गुलाब मात्र राहिला, बावीस तारखेचा. त्या दिवशी त्याच्या सासऱ्यांचा वाढदिवस असतो, आणि ऑफिसचा गाळा त्यांचा आहे.