ज्याची फोडणी नंतर, ते आपलं

पुण्याचे जावई नागपुरात आले की त्यांना सावजी खायचं असतं. आमच्या टेबलावर मात्र मामाजी मधुमेहाचे, आत्याबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या शाकाहारी, आणि सोबत पाच वर्षांचा चिंटू. एका सावजी भोजनालयाच्या दारातच आत्याबाईंनी चौकशी केली, तर पोऱ्या अभिमानानं म्हणाला, "व्हेज आहे ना माय! रस्सा एकच, पीस वेगळे."

मोर्चा शुद्ध शाकाहारी हॉटेलकडे वळला. पण तिथंही गोम असतेच. पनीरपासून कोफ्त्यापर्यंत निम्म्या भाज्यांची लाल ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर शिजवून ठेवलेली असते. कांदा, लसूण, काजू तिच्यात आधीच विरघळलेले, आणि टोमॅटोचा आंबटपणा मारायला बरेचदा साखरही. तिच्यातून आत्याबाईंसाठी लसूण काढता येत नाही, मामाजींसाठी साखर नाही आणि चिंटूसाठी तिखट नाही. वेटर "करून देतो" म्हणतो. पण करून काय देणार? वरून मलई.

म्हणून मी मेनूकार्ड मिटून एकच विचारतो, "भाऊ, आम्ही सांगितल्यावर फोडणी कशाकशाला पडते?" वरणाला पडते, आलू-जिऱ्याला पडते, पालकाच्या डाळभाजीलाही पडते. तेवढंच आपलं. लसूण आणि मिरची तिथं कढईच्या बाहेरच अडवता येतात.

दुसरा घोळ वेळेचा. मामाजींचं इन्सुलिन जेवणाआधीचं. घरून टोचून निघायचं आणि रविवारच्या गर्दीत तासभर ताटकळायचं, म्हणजे साखर उतरून घाम आणि थरथर. त्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय, हॉटेलात ताट दिसल्याशिवाय सुई नाही. चिंटूचा वरणभात सगळ्यात आधी मागवायचा, नाही तर तो पापडावरच पोट भरतो. मामाजींची भाकर मात्र भाजीसोबतच.

भाकरीवरून मामाजींचा वेगळाच हिशेब. "जवारीची आहे ना? मंग चार चालते!" जवारी झाली तरी धान्यच, चौथ्या भाकरीला साखर चढतेच. दोनवर तह झाला, तोही लस्सीऐवजी ताक या अटीवर. पनीर बटर मसाला जावयांनी स्वतःपुरता मागवला आणि आत्याबाईंपासून दोन खुर्च्या लांब सरकले.

वेटरनं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, "वरण बिनलसणाचं, बिनमिरचीचं. आलू-जिरा बिनकांद्याचा. डाळभाजी साधी. दोन भाकरी, तूप नाही. ताक, साखर नाही. बरोबर?"

"बरोबर."

त्यानं क्षणभर वहीकडे पाहिलं, मग मुदपाकखान्याकडे वळून ओरडला, "अबे, सात नंबरले घरचं जेवन लाव!"