महाडचा नाणेकाका

महाड-पोलादपूर पट्ट्यातला नाणेकाका त्याच्या वहीवरून ओळखावा. लांब रजिस्टरात क्रमांक, नाणे, साल, मूळ, दर्जा आणि जागा असे सहा रकाने आखलेले असतात. रायगड अगदी जवळ असल्याने संग्रहात तांब्याच्या शिवराया असतातच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. काका तिसऱ्या रकान्यात 1674 आणि चौथ्यात ‘रायगड’ लिहून मोकळा होतो.

इथेच वही बिघडते. शिवराईवर सहसा साल नसते, टांकसाळीचे नावही नसते. महाराजांनंतर पेशवाईतही शिवराया पडत राहिल्या. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही त्यातलीच. ती सापडली, की साल बरेच पुढे सरकते आणि काकाचा चेहरा तेवढाच मागे. खरी नोंद अशी: ‘शिवराई, दुदांडी, साल नाही, पेशवेकालीन, टांकसाळ अज्ञात.’ सापडल्याची जागा मुळाच्या रकान्यात नव्हे, समासातल्या शेऱ्यात लिहायची. पोलादपूरच्या शेतात मिळालेले नाणे पोलादपूरला पाडले असे होत नाही.

दर्जाच्या रकान्यात काका उदार असतो. स्वतःच्या नाण्याला ‘उत्तम’, दुसऱ्याच्या तशाच नाण्याला ‘बरे’. वास्तविक अक्षर झिजून सपाट झाले असेल, तरच दर्जा उतरतो. तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असल्याने अक्षर कडेबाहेर गेले असेल, तर ती झीज नव्हे. तसे वेगळे नोंदवावे. ‘श्री’ अर्धा, पण ‘राजा’ ठसठशीत, अशा नाण्याला ‘चांगले, ठसा सरकलेला’ हा शेरा पुरतो. दिवाळीच्या साफसफाईत काकूने ते चिंचेने लखलखीत केले, तर मात्र दर्जा घसरतो. जुन्या तांब्यावरचा काळपट थर गेला, की पुन्हा तसाच येत नाही. काकू म्हणते, ‘आता कुठे दिसायला लागलं!’ काका ‘घासलेले’ असे लिहितो आणि तिला दाखवत नाही.

उरली जागा. 2-7-3-1 म्हणजे दुसरा अल्बम, सातवे पान, तिसरी ओळ, पहिला खाना. काका हाच नाण्याचा क्रमांक धरतो. मग मध्ये एक नवी शिवराई घुसवली, की पुढचे सगळे आकडे खोडावे लागतात. म्हणून क्रमांक कायमचा ठेवून जागा तेवढी पेन्सिलीने लिहायची.

वही मात्र अल्बमच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात असते. 2021 च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. अशा पाण्यातून तांबे धुऊन-सुकवून निघते. शाई निघत नाही. तेव्हापासून शहाणा काका नोंदींची दुसरी प्रत पोलादपूरला मेहुण्याकडे ठेवतो. तिच्यात सालाचा रकाना अजूनही 1674 च असतो. मेहुण्यापुढे पेशवाई कबूल करणे काकाला जमत नाही.