ताबेपावती : नव्या वहिनीस खुले पत्र

सौ. वहिनीसाहेब यांसी,

सा. न. वि. वि.

आज सकाळी अंतरपाटाच्या एका बाजूस आपण आणि दुसऱ्या बाजूस आमचे ज्येष्ठ बंधू उभे असता, करवली या नात्याने त्यांच्या पाठीशी कऱ्हा आणि दिवा घेऊन उभे राहण्याचे जे काम माझ्याकडे आले होते ते मी तक्रार न करता पार पाडले, आणि एक मंगलाष्टक स्वतः रचून म्हणण्याची जी आज्ञा झाली तीही शिरोधार्य मानली. परंतु शार्दूलविक्रीडित हे वृत्त सत्यकथनास फारसे अनुकूल नाही. त्याच्या एका चरणात अक्षरे 19, त्यांतही 12व्या अक्षरापाशी यती. आणि आजी-आजोबांपासून धाकट्या मावशीच्या यजमानांपर्यंत सर्वांची नावे त्यात गुंफून झाली की बंधूंच्या गुणवर्णनास जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात ‘सद्गुणी’ यापलीकडे काही घालण्याची रीत नाही. वास्तविक ‘लबाड’ हा शब्द लघू, गुरू, लघू असा असून चरणाच्या 7व्या ते 9व्या अक्षरांवर जो ज गण यावा लागतो त्यात तो तंतोतंत बसतो, आणि तो तसा बसवूनही मी आणला होता. पण आईने कच्चा खर्डा पाहिला आणि तांबड्या शाईने तो खोडून तेथे ‘सुशील’ लिहिले. ‘सुशील’ हाही ज गणच, त्यामुळे छंदाच्या सबबीवर मला अपील करता आले नाही. सबब जे पद्यातून वगळले गेले ते या गद्यात, पंगती उठल्यानंतर आणि वऱ्हाड घरी निघण्यापूर्वी, सर्व मंडळींसमक्ष वाचून दाखवीत आहे.

कोणतीही मिळकत दुसऱ्याच्या ताब्यात देताना तिच्यावर काही बोजा असल्यास, किंवा तिच्यात काही उणीव असल्यास, ती आगाऊ कळवावी असा सचोटीचा संकेत आहे. आपल्या वडिलांनी स्थळाची चौकशी करताना दादांचे शिक्षण, नोकरी आणि पत्रिका एवढीच कागदपत्रे पाहिली. घरात ज्या व्यक्तीने या गृहस्थांशी अखंड दावा चालविला तिची जबानी घ्यावी असे कोणासही सुचले नाही. आता साक्ष निरुपयोगी ठरली आहे हे खरे. सप्तपदी झालेली आहे. तरीही दप्तरी नोंद असावी म्हणून एकच प्रकरण सविस्तर सांगते, कारण त्यात आरोपीच्या स्वभावाची सगळी कुळकथा येते.

वैशाखात आमच्याकडे हापूसची पेटी येई, माळ्यावर पेंढ्यात अढी लागे, आणि दुपारच्या जेवणानंतर आम्हा दोघांत मिळून एक आंबा मिळे. एका आंब्याचे दोन समान भाग होत नाहीत, कारण दोन बाजूंच्या दोन फोडी निघाल्या तरी मध्ये बाठा उरतो, आणि त्या बाठ्याचा मालक कोण, या प्रश्नावरून आमच्या घरात जे कलह माजले त्यांचा निकाल करण्यासाठी आजीने एक कायदा केला : जो कापील त्याने फोड शेवटी उचलावी. हा कायदा, वहिनीसाहेब, दिसायला निर्दोष आहे. कापणाऱ्याने एक फोड मोठी ठेवली तर ती दुसरा उचलणार, हे ठाऊक असल्यामुळे तो आपोआपच न्यायाने कापतो. सुरी अर्थातच वयपरत्वे दादांच्या हाती आली, आणि कापण्याच्या श्रमांचा मोबदला म्हणून बाठा कापणाऱ्याचा, ही पुरवणीही त्यांनीच, अगदी साळसूदपणे, आजीकडून मंजूर करून घेतली.

पुढे काय घडले असेल याचा अदमास आपणांस आला असेलच. फोडी कागदाप्रमाणे पातळ, पण एकमेकींशी इतक्या समान की तराजूतही फरक निघू नये. आणि बाठा मात्र असा गुबगुबीत की तो हाती धरून खाताना दादांच्या कोपरापर्यंत रस ओघळे. मी प्रथम निवड करीत होते, कायद्याने मला दिलेला अग्रहक्क पुरेपूर बजावीत होते, आणि रोज उपाशी उठत होते. आजीकडे फिर्याद नेली तर ती दोन्ही फोडी शेजारी ठेवून पाही आणि म्हणे, “सारख्याच तर आहेत!” बाठ्याकडे पाहण्याचे तिला कारणच नव्हते, कारण वादाचा विषय फोडी हा होता. पुष्कळ उन्हाळे गेल्यावर माझ्या ध्यानात आले की पुरावा डोळ्यांनी नव्हे तर कानांनी गोळा करावयाचा आहे. प्रामाणिकपणे कापलेल्या आंब्यात सुरी कोयीच्या कवचाला घासत जाते आणि बारीक करकर ऐकू येते. दादा कापीत तेव्हा सुरी लोण्यातून जावी तशी निःशब्द जाई. हा मुद्दा मी मांडल्यावर आजीने दुरुस्ती केली, की बाठा एक दिवस याचा आणि एक दिवस तिचा. त्या दिवसापासून माझ्या पाळीच्या दिवशी सुरीची करकर ओसरीपर्यंत ऐकू येऊ लागली. फोडी चांगल्या जाड, बाठा असा सोललेला की पेरण्याखेरीज त्याचा उपयोग नाही, आणि तक्रार केल्यास दादा निर्विकारपणे म्हणत, “कायद्याबाहेर काय केले ते दाखव.”

हेच या गृहस्थांचे मर्म आहे. त्यांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला नाही. एस.टी.च्या खिडकीची जागा निम्म्या वाटेपर्यंत एकाची आणि नंतर दुसऱ्याची असे ठरले असता, निम्मी वाट घाट संपल्यावर येते हे त्यांनी आधी कंडक्टरला विचारून ठेवले होते. ‘चांदोबा’चा नवा अंक आधी मी वाचावा असा हुकूम झाला तेव्हा त्यांनी तो पाळला, फक्त वेताळाच्या प्रश्नास राजाने काय उत्तर दिले, ते पान शेजारच्या मित्राच्या अंकात आधीच वाचून घेऊन मला जेवताना सांगितले. नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यासाठी भावाचा उपवास करीत असे, आणि त्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी, ‘उपवास माझ्याच नावाचा ना’ या न्यायाने, ते माझ्यासमोर बसून खात. असल्या मनुष्याशी भांडताना आरडाओरड व्यर्थ असते. त्यांनी नियम सांगितला की सुरी कोणाच्या हाती आहे एवढेच पाहावे.

हा बोध मला व्हावयास बालपण खर्ची पडले, तो आपणांस किती वेळात झाला हे मंडळींना ठाऊक नाही, म्हणून सांगते. गेल्या उन्हाळ्यात आपण प्रथम आमच्या घरी आलात, तेव्हा दादांनी आदरातिथ्य म्हणून स्वहस्ते आंबा कापला, दोन्ही फोडी मोठ्या अदबीने आपल्यापुढे ठेवल्या, आणि बाठ्याची बशी सहजगत्या, जणू त्याग करीत असल्याप्रमाणे, स्वतःकडे ओढली. आपण फोडींकडे पाहिले, बाठ्याकडे पाहिले, आणि बशी उचलून माझ्या पुढ्यात ठेवीत म्हणालात, “मला फोडी पुरेत, बाठा हिला द्या.” दादांचा चेहरा त्या वेळी जसा झाला तसा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. लग्न जमले असे आईवडिलांनी पुढे कित्येक दिवसांनी जाहीर केले. माझ्या लेखी ते त्याच क्षणी जमले होते.

आजच्या विधींविषयी एक तक्रार मात्र नोंदविल्यावाचून राहवत नाही. कानपिळीचा मान वधूच्या भावाचा. तो मंडपात आला, त्याने नवरदेवाचा कान दोन बोटांत असा हळुवार धरला की जणू तो फुटेल, आणि एवढ्यावर त्याला फेटा आणि पोशाख मिळाला. तोच कान मी अनेक वर्षे, पुरेशा कारणासाठी आणि पुरेशा जोराने, विनामोबदला पिळला आहे. शास्त्रकारांनी अनुभवाचा विचार केला असता तर हे काम दुसऱ्याकडे गेले नसते.

बहिणीसाठी रूढीने राखून ठेवलेली खरी जागा वेगळीच आहे, आणि ती अजून यावयाची आहे. संध्याकाळी आपण उभयता दारी याल तेव्हा मी उंबरठ्यात आडवी उभी राहीन, आणि ‘तुमची मुलगी माझ्या मुलाला देणार का’ असे विचारून होकार घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. ही केवळ थट्टा नव्हे. इरावती कर्वे यांनी 1953 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात दाखविले आहे की महाराष्ट्रातील पुष्कळ जातींत मुलाने मामाची मुलगी करणे इष्ट मानतात, आत्याची मुलगी करणे मात्र चालत नाही. म्हणजे ज्या घरी एकदा आमच्याकडची मुलगी गेली त्याच घरी पुढच्या पिढीत पुन्हा आमच्याचकडची मुलगी जावयाची, उलट दिशेने नव्हे. उंबरठ्यावरचा माझा प्रश्न हा त्या जुन्या वहिवाटीचा उरलेला अवशेष होय. सासरी गेलेल्या मुलीला बापाच्या मिळकतीत पुत्राच्या बरोबरीने स्थान नव्हते त्या काळी, भावाच्या दारात उभे राहून काहीतरी मागण्याची ही एक संधी तिच्यासाठी ठेवली होती असे मला वाटते.

आता कायद्याची स्थिती पाहा. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ आणि बहीण यांच्या अपत्यांचा विवाह निषिद्ध नात्यांत घातला आहे, परंतु उभयपक्षी तशी रूढी असल्यास त्यास मुभाही ठेविली आहे. म्हणजे मी जे मागणार ते आमच्याकडे रूढी आहे की नाही यावर अवलंबून. आणि रूढी आहे असे सिद्ध करण्याचे काम निघाले तर ते दादांकडेच जाईल, ज्यांच्या हाती नियमाचे काय होते ते मी वर सांगितलेच आहे. शिवाय मला अद्याप मुलगा नाही, नवराही नाही, आणि इतक्या जवळच्या रक्ताच्या नात्यात लग्ने करू नयेत असे डॉक्टर सांगतात. तेव्हा मुलीवरील माझा दावा मी या पत्रान्वये बिनशर्त सोडून देत आहे.

दार मात्र अडवीन, आणि मागणी बदलून करीन. माहेरपणास मी येईन तेव्हा माझ्या पानात काय वाढावे हे आपण ठरवावे, दादांनी नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ मायाळू आणि भावजय कृपण अशी बहिणींची जी पिढ्यान्‌पिढ्यांची कैफियत आहे, तिच्यात आमच्या घरापुरती नावांची अदलाबदल व्हावी. आणि आपण उभयतांत तंटा झाल्यास तो प्रथम माझ्याकडे यावा. निकाल आपल्या बाजूने लागेल, पुरावा नंतर पाहता येईल.

होकार मोठ्याने द्यावा, म्हणजे मागे उभ्या असलेल्या आत्यांनाही ऐकू जाईल. नंतर उंबरठ्यावरचे माप उजव्या पायाने, अगदी हलके, लवंडावे; आमच्याकडे सांडलेले तांदूळ वेचण्याचे काम करवलीचे असते, आणि मी सकाळपासून उभी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नणंद